"पेटीला बस" असं दहादा न म्हणता सराव कसा होईल: पालकांना पत्र

प्रिय पालकहो,

सहा ते आठ वर्षांची मुलं पेटी शिकू लागली की दोन-तीन महिन्यांत बहुतेक घरांतून एकच तक्रार येते. सांगितल्याशिवाय मूल पेटीला हात लावत नाही, आणि सांगितलं की चिडतं. मग रोज आठवण, रोज हुज्जत, आणि शेवटी पेटीचं नाव काढलं तरी दोघांच्याही कपाळाला आठी.

हे पत्र तेवढ्याचसाठी आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाचा रोजचा दहा-बारा मिनिटांचा सराव घरी कसा लावायचा, त्यात तुम्ही नेमकं काय करायचं आणि काय करायचं नाही, हे यात सविस्तर लिहिलं आहे. तुम्हाला पेटी वाजवता येण्याची गरज नाही. पट्टीवर कोणतं बोट आहे एवढं पाहता आलं तरी पुरे.

आधी वेळेचा हिशेब

सध्या वर्गात तीन स्वरांचा अलंकार चालू आहे: सारेग, रेगम, गमप, मपध, पधनि, धनिसां, आणि उतरताना सांनिध, निधप, धपम, पमग, मगरे, गरेसा. चढताना सहा गट, उतरताना सहा गट, एकूण 36 स्वर. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर लावला आणि प्रत्येक ठोक्याला एक स्वर वाजवला, तर पूर्ण अलंकार 36 सेकंदांत होतो. अगदी संथ, 50 च्या लयीत वाजवला तरी पाऊण मिनिट लागत नाही.

म्हणजे दहा मिनिटं हा भरपूर वेळ आहे. "अर्धा तास बस" असं सांगितल्यावर मूल पेटीपुढे बसून घड्याळाकडे पाहत राहतं. कारण त्याला दिलेलं काम तीस मिनिटांचं नसतं, आणि उरलेल्या वेळात काय करायचं ते त्याला माहीत नसतं. म्हणून घरी मिनिटं मोजू नका, काम मोजा. मी वहीत दर आठवड्याला तीन कामं लिहून देते. ती झाली की सराव संपला, मग आठ मिनिटं लागोत की चौदा.

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट सराव करायला लावू नका. आणि रविवारी तासभर बसून आठवड्याची भरपाई होत नाही. बोटांना सवय लागते ती रोज थोडं थोडं केल्याने. शिवाय दुप्पट सराव मुलाला शिक्षाच वाटते, आणि शिक्षा म्हणून केलेली गोष्ट टाळायला ते लवकर शिकतं.

आठवण करून देणं का चालत नाही

पहिल्यांदा सांगितलं की मूल "हो" म्हणतं आणि खेळत राहतं. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा आवाज चढतो, तेव्हा ते उठतं. यातून त्याला नकळत कळतं की खरी सूचना तिसरी असते, पहिल्या दोन ऐकल्या नाहीत तरी चालतं. काही आठवड्यांत तिसरीची चौथी होते. इथे मूल आळशी नसतं. सरावाची सुरुवात तुमच्या चढलेल्या आवाजाला जोडली गेलेली असते. ती तिथून सोडवून रोज आपोआप घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडायची, हे पहिलं काम.

घड्याळाची वेळ लहान मुलांना फारशी उपयोगी पडत नाही. "साडेपाचला" यापेक्षा "शाळेतून आल्यावर, खाणं झालं की, खेळायला जाण्याआधी" हे त्यांना समजतं. रोज, न चुकता, त्याच क्रमाने घडणारा एक प्रसंग निवडा आणि सराव त्याच्या मागोमाग ठेवा. दोन वेळा टाळा. मूल खेळात रमलेलं असताना मधूनच उठवायचं नाही, कारण मग पेटी म्हणजे खेळ मोडणारी वस्तू ठरते. आणि झोपेआधीचा शेवटचा अर्धा तास नको, कारण दमलेली बोटं चुकतात आणि दमलेलं मूल त्या चुकांवर रडतं. ज्यांच्या घरी संध्याकाळ धावपळीची असते त्यांनी शाळेच्या आधीची दहा मिनिटं घेऊन पाहावीत. सकाळी मूल ताजं असतं आणि सराव कधी संपणार हे त्यालाही ठाऊक असतं.

निवडलेला प्रसंग निदान तीन आठवडे बदलू नका. दर दोन दिवसांनी वेळ बदलली की पुन्हा तोंडी आठवण करावी लागते आणि सगळं मूळपदावर येतं.

सुरुवात तुम्ही करायची

सरावातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे खेळणं सोडून पेटीपर्यंत येणं. एकदा बोटं पट्टीवर पडली की बहुतेक मुलं वाजवतात. त्यामुळे तुमची मेहनत या पहिल्या दोन मिनिटांवर खर्च करा.

ठरलेल्या प्रसंगाच्या आधी पेटी उघडून ठेवा. झाकण काढलेलं, भात्याची कडी सोडलेली, समोरचे स्टॉप ओढलेले, वही योग्य पानावर उघडी. पेटी कपाटावर बंद पेटाऱ्यात असेल तर ती काढून मांडेपर्यंत मुलाचा उत्साह मावळतो. जागा असेल तर पेटी कापडाने झाकून कायम मांडलेलीच ठेवा. मुलाच्या आसनाखाली घट्ट उशी किंवा दुमडलेली चादर घाला. कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीला आलं पाहिजे. जमिनीवर बसलेल्या लहान मुलाला पेटी बहुधा उंच पडते, मग खांदा वर उचलला जातो, हात दुखतो आणि मूल "कंटाळा आला" म्हणतं. पुष्कळदा तो कंटाळा नसून दुखणारा खांदा असतो.

यानंतर तुम्ही पेटीच्या दुसऱ्या बाजूला, मुलाच्या समोर बसा. भाता तुमच्या बाजूला येईल. एकदाच म्हणा, "मी पेटीपाशी बसते" किंवा "बसतो", आणि भाता हलवायला लागा. हा भाता पहिले काही आठवडे तुम्हीच सांभाळायचा आहे. याचं कारण सरावाशीच निगडित आहे: उजव्या हाताने स्वर आणि डाव्या हाताने भाता, ही दोन वेगळी कामं एकाच वेळी करताना लहान मूल प्रत्येक स्वराला भात्याचा एक झटका देऊ लागतं. स्वर तुटक येतात आणि ती सवय मोडायला पुढे खूप वेळ जातो. तुम्ही भाता सांभाळलात की मुलाचं सगळं लक्ष उजव्या हातावर राहतं. आणि तुम्हाला देखरेख करणाऱ्याची नव्हे, तर जोडीदाराची जागा मिळते. मुलाला हा फरक लगेच जाणवतो.

भाता हलवताना लहान, संथ आणि सारखे हेलकावे द्या. आवाज फुगतोय आणि ओसरतोय असं वाटलं तर तुम्ही जास्त जोर लावताय. मूल चुकलं म्हणून भाता थांबवू नका. आवाज एकदम बंद होणं ही त्याच्यासाठी मोठी नापसंती असते, तुम्ही तोंडाने काहीही म्हटलं नाही तरी.

मूल आलंच नाही तर दुसऱ्यांदा हाक मारू नका. उठून त्याच्याजवळ जा, त्याच्या उंचीला खाली बसा आणि दोन पर्याय द्या: "आधी अलंकार घेऊया की आधी गाणं?" "आज वाजवायचं का?" असं विचारू नका, कारण त्याचं "नाही" हे अगदी रास्त उत्तर आहे आणि मग तुम्हाला ते मोडून काढावं लागतं. पर्याय दिल्यावरही येत नसेल तर काम लहान करा: "फक्त सा ते सां एकदा." त्यानंतर मुलाला उठायचं असेल तर खरोखर उठू द्या. "आलायस तर अजून एकदा" असं म्हटलंत की पुढच्या वेळी तुमच्या "फक्त एकदा"वर ते विश्वास ठेवणार नाही. एवढंही झालं नाही तर त्या दिवशी सोडून द्या आणि वहीत "आज नाही" एवढंच लिहा. आठवड्यात तीनदा "आज नाही" आलं तर मला कळवा. तेव्हा बहुधा मी दिलेलं काम मोठं किंवा कंटाळवाणं झालेलं असतं, आणि ते बदलणं माझं काम आहे.

एका अडखळण्याची उकल

सरावातली बरीचशी भांडणं चुकीपाशी होतात. म्हणून एक नेहमीची चूक नीट उलगडून सांगते. ती कळली की टोकायचं कुठे आणि गप्प राहायचं कुठे याचा अंदाज येईल.

पांढरी एकपासून, म्हणजे सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतील अशा तऱ्हेने, मी हा अलंकार बसवते. प्रत्येक गटाला तीच तीन बोटं: अंगठा, तर्जनी, मधलं बोट. सारेग वाजवून झालं की सगळा हात एक पट्टी उजवीकडे सरकतो, अंगठा रे वर येतो आणि पुढचा गट पुन्हा अंगठ्यापासूनच सुरू होतो.

समजा, सात वर्षांची मुलगी हा अलंकार वाजवतेय. सारेग छान, रेगम छान, गमपही ठीक. मपधला आल्यावर ती थांबते, चुकीची पट्टी दाबते, वैतागते. पालक म्हणतात, "नीट बघून वाजव, पुन्हा पहिल्यापासून." ती पुन्हा सुरू करते आणि पुन्हा मपधलाच अडते. चौथ्या वेळी रडू येतं.

चूक मपधमध्ये नाही. ती पहिल्या सांध्यात, म्हणजे एका गटावरून पुढच्या गटावर जातानाच्या जागी आहे. सारेग वाजवून झाल्यावर तर्जनी आधीच रे वर बसलेली असते, म्हणून मुलगी हात सरकवतच नाही आणि रेगम हा गट तर्जनी, मधलं आणि अनामिका यांनी वाजवते. आवाज बरोबर येतो, त्यामुळे कोणाच्याच लक्षात येत नाही. गमपला मधलं, अनामिका आणि करंगळी लागते. मपधला अनामिकेने म, करंगळीने प, आणि ध ला बोटच उरत नाही. उतरताना हीच चूक फार लवकर उघडी पडते: सांनिध झाल्यावर तर्जनी नि वर असते, तिने नि वाजवला, अंगठ्याने ध वाजवला, की प साठी बोट संपलं. म्हणून ही चूक करणारी मुलं चढताना चौथ्या गटाला आणि उतरताना दुसऱ्याच गटाला अडतात. हे दोन अडखळे दिसले तर स्वरांकडे पाहू नका, अंगठा कुठे आहे ते पाहा.

पहिल्यापासून वाजवायला लावलं की तीच चुकीची बोटं पुन्हा चार वेळा घोटली जातात. त्याऐवजी फक्त सांधा घ्या. सारेग वाजवायचं आणि थांबायचं. हात उचलून एक पट्टी उजवीकडे न्यायचा, अंगठा रे वर टेकवायचा, पण वाजवायचा नाही. डोळ्यांनी पाहायचं: अंगठा रे वर, मधलं बोट म वर. मग रेगम. मधला थांबा हवा तेवढा लांब चालेल, लय इथे नकोच. असं पाच वेळा. मग थांबा थोडा लहान करत तीनदा. पुढचा सांधा उद्या. उतरताना नियम उलटा: सांनिध झालं की हात एक पट्टी डावीकडे, मधलं बोट नि वर, अंगठा प वर. धनिसांवरून सांनिधवर वळताना मात्र हात हलत नाही, मधलं बोट सां वरच राहतं आणि तोच स्वर पुन्हा वाजतो. हे मुलांना आधी सांगितलं नाही तर ती तिथेही विनाकारण सरकतात.

पाच वेळा मोजायला पाच मोठी बटणं पेटीच्या डाव्या कडेला ठेवा. एकदा नीट झालं की मुलाने स्वतःच्या हाताने एक बटण उजवीकडे सरकवायचं. चुकलं तर बटण जागेवर राहतं, मागे येत नाही. "चुकलास की सगळी बटणं परत" हा खेळ काही घरी चालतो, तो कृपया बंद करा. चार वेळा नीट वाजवल्यावर पाचव्या वेळी सगळं शून्यावर आलं तर मूल हात सरकवण्याकडे नव्हे, बटण गमावण्याच्या भीतीकडे लक्ष देतं.

भाता तुमच्या हातात, तोंड बहुतेक बंद

एका बैठकीत एकाच गोष्टीवर बोला. आज अंगठा असेल तर अंगठाच. पाठ वाकली, लय पळाली, मान खाली गेली, हे सगळं आज राहू द्या. एकाच दिवशी पाच सूचना ऐकलेल्या मुलाला त्यातली एकही पाळता येत नाही.

चूक झाली की लगेच बोलू नका. मनात तीन मोजा. पुष्कळदा मूल आपणहून थांबतं आणि परत वाजवतं. स्वतः पकडलेली चूक पुढे लवकर जाते. नाही थांबलं तर गट संपू द्या आणि विचारा: "आत्ता रे कोणत्या बोटाने वाजला?" "चुकलं" म्हणण्यापेक्षा हा प्रश्न बरा, कारण उत्तरासाठी त्याला हाताकडे पाहावंच लागतं. कौतुकही असंच नेमकं करा. "वा, छान" ऐकून मुलाला काय जमलं ते कळत नाही. "या वेळी तिन्ही सांध्यांना अंगठा बरोबर पडला" हे कळतं.

दुसऱ्या खोलीतून ओरडून दुरुस्ती अजिबात नको. तुम्हाला बोटं दिसत नसतात, आणि मुलाला फक्त तुम्ही नाराज आहात एवढंच ऐकू येतं. घरात आजी-आजोबा, मोठं भावंड असे दोघंतिघं जाणकार असतील तर सरावाच्या वेळी एकानेच बोलायचं. आठवडा एकाकडे, पुढचा दुसऱ्याकडे, असं वाटून घ्या.

मूल भरधाव वाजवत असेल तर "हळू" म्हणून उपयोग होत नाही, कारण हळू म्हणजे किती हे त्याला कळत नाही. मेट्रोनोम 50 वर लावा आणि आधी पेटीशिवाय, तोंडाने सारेग म्हणत टाळ्या वाजवा. मग पेटी. तरी लय पळाली तर समजा की सांधे पक्के नाहीत आणि सरकण्याच्या भीतीने मूल धावतंय. परत सांध्यांवर जा.

बारा मिनिटांची बैठक साधारण अशी ठेवा. सुरुवातीला आधीच नीट येणारी एखादी गोष्ट, दीड-दोन मिनिटं. मग सांध्याचं काम, चार-पाच मिनिटं. मग पूर्ण अलंकार लयीत एकदा किंवा दोनदा, जमेल तिथवर. शेवटी मुलाला हवं ते, गाणं असो की नुसते मजेचे स्वर. तिथे सूचना द्यायच्या नाहीत. मूल "अजून एकदा" म्हणतंय तेव्हाच थांबायला हरकत नाही.

बक्षिसांबद्दल

"सराव केलास तर" अशी बक्षिसं लावू नका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली होती. ज्यांना चित्र काढण्याबद्दल प्रमाणपत्र मिळेल असं आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्राकडे कमी वळली. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं किंवा ते अवचित दिलं होतं, त्यांची आवड तशी कमी झाली नाही. वहीतल्या दिवसावर मुलाने स्वतः खूण करणं याला माझी हरकत नाही, ती नोंद आहे. खुणा भरल्या की काही मिळणार, असं मात्र ठरवू नका. "सराव केला नाहीस तर क्लास बंद" ही धमकीही तशीच बाजूला ठेवा. एखाद्या वाईट संध्याकाळी मूल "कर बंद" म्हणेल आणि तुमच्याकडे पुढचं वाक्य नसेल.

हळूहळू बाजूला कसं व्हायचं

पहिले तीन-चार आठवडे पूर्ण वेळ समोर बसा. अलंकाराचे सांधे न थांबता पडू लागले की भाता मुलाकडे द्या, पण एकदम अलंकारासोबत नाही. आधी एकच सा, आठ ठोके, अखंड आणि सारख्या आवाजात. मग सा ते प. स्वर बदलताना भात्याला झटका बसत नाहीसा झाला की अलंकार. या काळात बोटं थोडी बिघडतील, ते अपेक्षित आहे. त्या आठवड्यात अंगठ्याबद्दल बोलू नका.

भाता मुलाकडे गेला की तुम्ही त्याच खोलीत आपलं काम घेऊन बसा. पहिलं काम सोबत, बाकीचं त्याचं त्याने. नंतर फक्त पेटी उघडून ठेवायची. एखाद्या टप्प्यावर सराव पुन्हा टळू लागला तर एक पायरी मागे या, आठवडाभर समोर बसा. आठ-नऊ वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांना कोणीतरी जवळ असावं लागतं. जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत तर पालक तासाला सोबत बसतात आणि आधी स्वतः थोडं वाजवायला शिकतात. तेव्हा तुम्ही जवळ बसलात म्हणून मूल परावलंबी होईल, ही काळजी करू नका.

तासाला येताना वहीत तीनच नोंदी आणा: किती दिवस बसणं झालं, कोणत्या सांध्याला अडतंय, आणि शेवटच्या मोकळ्या वेळात मूल आपणहून काय वाजवतं. तिसरी नोंद विसरू नका, पुढचं गाणं मी त्यावरून निवडते. पाठ कितपत झाला हे मी वाजवून घेऊन पाहीनच. मुलासमोर "या आठवड्यात काहीच केलं नाही हिने" असं सांगू नका. सांगायचं असेल तर वहीत लिहा, मी तास सुरू होण्याआधी वाचते.

आपली,
संगीत शिक्षिका